१.३९ म्हणजे नक्की किती? प्लॉटच्या पत्रात क्षेत्र, रक्कम आणि तारीख लिहिताना

प्रश्न: सोलापुरात हद्दवाढ भागात वडिलांचा बिनशेती प्लॉट आहे, तो विकायचा ठरलाय. जुन्या खरेदीखतात ३० × ५० म्हणजे १,५०० चौ. फूट लिहिलंय. ७/१२ वर नुसतं १.३९ आहे. एजंट म्हणतो १.३९ गुंठे, म्हणजे १,५१३ फूट. भाव २,००० रुपये फूट ठरलाय, ३ लाख इसार आलाय, बाकी 'जूनअखेर'. घेणाऱ्यांना पत्र लिहून हे सगळं पक्कं करायचंय. कुठला आकडा लिहू आणि कसा लिहू, म्हणजे पुढे वाद होणार नाही?

उत्तर:

एजंटचा आकडा आधी बाजूला ठेवा, तो चुकलेला आहे. तुमच्या खरेदीखतातला आणि ७/१२ वरचा आकडा मात्र एकाच जमिनीचा दिसतो. सोलापुरात दस्त आणि पत्रं लिहिण्याचं काम मी तीस वर्षांहून जास्त करतोय. माझ्यासमोर आलेल्या भांडणांपैकी बरीचशी लबाडीतून झालेली नव्हती. एकच आकडा दोघांनी दोन तऱ्हेने वाचला, एवढंच कारण होतं. तुमच्या प्रकरणात हे तीन ठिकाणी होऊ शकतं, म्हणून एकेक नीट पाहू.

७/१२ पासून सुरुवात करू. उताऱ्यावर क्षेत्राच्या जागी एककाचं शीर्षक असतं, ते आधी वाचा. शेतजमिनीला 'हे.आर.चौ.मी.' असतं आणि बिनशेतीला 'आर.चौ.मी.'. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. तुमचा प्लॉट बिनशेती आहे आणि शीर्षक 'आर.चौ.मी.' असेल, तर १.३९ म्हणजे १ आर ३९ चौरस मीटर, म्हणजे सरळ १३९ चौरस मीटर. शेतजमिनीच्या उताऱ्यावर हेच क्षेत्र ०.०१.३९ असं तीन घरांत दिसलं असतं. मधली टिंबं ही दशांशचिन्हं नव्हेत, ती घरं वेगळी करण्याच्या खुणा आहेत. शाळेतल्या अपूर्णांकासारखा तो आकडा वाचला की चूक होते.

तुमच्या आकड्यात दोन्ही घरं भरलेली आहेत, म्हणून गोंधळ कमी. पण समजा कुणी हाताने उतरवून घेताना '१.५' लिहिलं. हे १ आर ५ चौरस मीटर, म्हणजे १०५ चौरस मीटर, की दीड आर, म्हणजे १५० चौरस मीटर? दोन्ही वाचनं शक्य आहेत आणि फरक ४५ चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास ४८४ चौरस फुटांचा आहे. तुमच्या भावाने तो पावणेदहा लाखांच्या आसपास जातो. म्हणून पत्रात उताऱ्याचा आकडा टिंबासकट उचलून ठेवू नका. त्याची घरं शब्दांत फोडा: 'एक आर एकोणचाळीस चौरस मीटर, म्हणजे एकूण १३९ चौरस मीटर'. एवढं लिहिलं की टिंब कसंही वाचलं तरी क्षेत्र बदलत नाही.

आता एजंटच्या गुंठ्याकडे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. मीटरमध्ये तो १०१.१७ चौरस मीटर होतो. आर १०० चौरस मीटरचा. दोन्ही इतके जवळ आहेत की आपल्याकडे बोलताना सर्रास 'आर म्हणजे गुंठाच' असं म्हणतात. बांधावर उभं राहून अंदाज करताना ते चालूनही जातं. पण फुटाला २,००० रुपये भाव असताना चालत नाही. १.३९ ला १,०८९ ने गुणलं की १,५१३.७१ चौरस फूट येतात, तर १३९ चौरस मीटरचे खरे चौरस फूट १,४९६.१८ आहेत. साडेसतरा चौरस फुटांचा हा फरक जमिनीवर कुठेच नाही, तो फक्त एककाच्या नावात आहे. तरीही पैशांत तो ३५,०६० रुपये होतो. घेणाऱ्याने उद्या मोजणी करून घेतली की हे पैसे तो परत मागणार, आणि त्याचं बरोबर असेल. माझा आग्रह असा की विक्रीच्या पत्रात गुंठा हा शब्दच नको. घरात बोला, व्यवहाराला बसल्यावर बोला, पण लिहिताना चौरस मीटर.

मग खरेदीखतातले १,५०० चौरस फूट कुठून आले आणि ७/१२ वर ते १३९ का झाले? एक फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर. त्यामुळे ३० फूट म्हणजे ९.१४४ मीटर आणि ५० फूट म्हणजे १५.२४ मीटर. गुणाकार १३९.३५ चौरस मीटर येतो. नोंद घेताना अपूर्णांक सोडून पूर्ण चौरस मीटर धरले की १३९ उरतात. म्हणजे तुमच्या दोन कागदांतला ०.३५ चौरस मीटरचा फरक नोंदीच्या रीतीतून आलेला आहे, जमीन कमी झालेली नाही. तुमच्यासारखे दोन कागद समोर असले की मी हीच परीक्षा करतो: जुन्या फुटांचे चौरस मीटर करायचे आणि उताऱ्याशी ताडून पाहायचे. अर्ध्या चौरस मीटरच्या आत फरक असेल तर बहुतेक वेळा ते पूर्णांकात बसवण्यामुळे असतं. एजंटचे १,५१३.७१ चौरस फूट मात्र १४०.६३ चौरस मीटर होतात. ते ना खरेदीखताशी जुळतात, ना उताऱ्याशी. दोन कागदांत पाच-दहा चौरस मीटरचा फरक निघाला, तर मात्र कुठलाही आकडा पत्रात पक्का लिहू नका. आधी भूमी अभिलेखाकडून मोजणी करून घ्या आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्यावरच लिहा.

रूपांतर करताना एक गोष्ट पाळा. गोल करायचं ते शेवटी आणि एकदाच. एका घरी असा कागद पाहिला होता, त्यात लांबी-रुंदी आधी ९.१ आणि १५.२ मीटर अशी गोल केली होती आणि मग गुणाकार केला होता. आलं १३८.३२ चौरस मीटर, म्हणजे साधारण १,४८९ चौरस फूट. प्लॉट तोच ३० × ५० चा, पण वाटेतच ११ चौरस फूट गळून गेले. दुसरी चूक याहून मोठी, पण पकडायला सोपी. काही जण चौरस फुटांना ३.२८ ने भागतात, कारण मीटरला ३.२८ फूट हे पाठ असतं. १,५०० ला ३.२८ ने भागलं की ४५७ येतात. ३.२८ हा लांबीचा आकडा आहे. क्षेत्रासाठी १ चौरस मीटरला १०.७६३९ चौरस फूट धरायचे. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे चौरस मीटरचा आकडा चौरस फुटांच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा किंचित कमी यायला हवा. १,५०० चा दहावा हिस्सा १५०, आणि १३९ त्याच्या जरा खाली. ४५७ दिसला की तिथेच थांबायचं.

'चौरस' हा शब्द कुठे ठेवता यावरही लक्ष द्या. '३० चौरस फूट' आणि '३० फूट चौरस' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ ३० फूट बाजूचा चौरस, म्हणजे ९०० चौरस फूट. बोलताना आपण 'दहा फूट चौरस खोली' म्हणतो, त्यात गैर काही नाही. पत्रात मात्र लांबी-रुंदी वेगळी लिहायची आणि क्षेत्र वेगळं. लांबीपुढे 'फूट' किंवा 'मीटर', क्षेत्रापुढे 'चौरस फूट' किंवा 'चौरस मीटर', पूर्ण शब्दांत. 'फु.', 'स्क्वे.', 'चौ.' असली संक्षिप्त रूपं नकोत. तसंच 'भाव २,००० रुपये फूट' असं लिहू नका. बोलण्यात त्याचा अर्थ कुणालाही कळतो, पण लिहिताना 'प्रति चौरस फूट २,००० रुपये' असंच हवं.

आता खरा प्रश्न: पत्रात दोन्ही एककं लिहायची का? लिहा, कारण सरकारी नोंद चौरस मीटरमध्ये आहे आणि तुमचा भाव चौरस फुटांत ठरला आहे, एक गाळला तर दुसरा पक्ष त्याच्या मनाने रूपांतर करणार. पण दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून सोडून दिले तर दोन क्षेत्रं झाली. त्यातला मूळ कुठला आणि त्यावरून काढलेला कुठला, हे लिहायलाच हवं. माझी पद्धत अशी: आधी चौरस मीटर आणि ते कुठल्या कागदावरून, त्या कागदाच्या तारखेसह. मग रूपांतराचा दर. मग चौरस फूट. आणि शेवटी एक वाक्य, की दोन्हींत तफावत निघाल्यास चौरस मीटरचा आकडा ग्राह्य धरावा. या एका वाक्याने अर्धी भांडणं सुरूच होत नाहीत.

फ्लॅटचं पत्र असतं तर इथे आणखी एक शब्द अनिवार्य ठरला असता, तो म्हणजे कुठलं क्षेत्र: कार्पेट, बिल्ट-अप की सुपर बिल्ट-अप. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट क्षेत्राची व्याख्या आहे. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतःची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. प्लॉटला हा प्रश्न येत नाही, म्हणून इथेच सोडतो.

चतुःसीमा मात्र सोडू नका. तुमच्या खरेदीखतात पूर्वेला काय, पश्चिमेला काय, रस्ता कुठल्या बाजूला हे लिहिलेलं असेल. क्षेत्राचा आकडा आणि चतुःसीमा यांत विरोध आला तर सर्वसाधारणपणे चतुःसीमेला जास्त वजन दिलं जातं, कारण सीमा जमिनीवर दाखवता येतात. त्या जशाच्या तशा उतरवा. शेजारचा प्लॉट मधल्या काळात विकला गेला असेल तर जुनं नाव खोडून टाकू नका. 'खरेदीखताप्रमाणे अमुक प्लॉट क्रमांक, सध्या तेथे घर आहे' असं लिहा. प्लॉट क्रमांक बदलत नाही, मालक बदलतात.

रक्कम. इथे आधी तुम्हा दोघांनी एक गोष्ट ठरवायची आहे, ती पत्र लिहिताना आपोआप ठरत नाही. व्यवहार उक्ता आहे की मोजून? उक्ता म्हणजे प्लॉट आहे तसा, एका ठरलेल्या रकमेला. मोजून म्हणजे दर ठरला, आणि मोजणीत जितके चौरस फूट निघतील त्याप्रमाणे पैसे. '२,००० रुपये फुटाने' म्हणताना दोघांच्याही डोक्यात १,५०० चौरस फूट आणि ३० लाख असण्याची शक्यता मोठी आहे. घेणारे नंतर ७/१२ पाहतील, १,४९६.१८ काढतील आणि २९,९२,३६० म्हणतील. ७,६४० रुपयांचा फरक व्यवहारात मोठा नाही, पण एवढ्यावरून बोलणी बंद पडलेली मी पाहिली आहेत. म्हणून पत्र लिहिण्याआधी एक फोन करा आणि विचारा.

मोजून ठरलं तरी मी शेवटी एकूण रक्कम आकड्यात लिहायला लावतो. कारण दर दोन एककांत काढला की पैशांतही थोडं इकडे-तिकडे होतं. प्रति चौरस फूट २,००० रुपये म्हणजे प्रति चौरस मीटर २१,५२७.८२ रुपये. याला १३९ ने गुणलं की २९,९२,३६७ येतात, आणि १,४९६.१८ ला २,००० ने गुणलं की २९,९२,३६०. सात रुपयांचा फरक, पण बँकेत चेक आणि दस्तातली रक्कम यांत सात रुपयांचा फरकही चालत नाही. एकूण रक्कम एकदा लिहिली की हा हिशेब पुन्हा कुणी करत बसत नाही.

आकडा लिहिताना आपला स्वल्पविराम आपल्या रीतीने द्या: लाखानंतर, हजारानंतर. २९,९२,३६०. परदेशात राहणारी मुलं कधी कधी तिथल्या सवयीने दर तीन आकड्यांनंतर स्वल्पविराम देतात, आणि वाचणारा अडखळतो. अंक एकाच लिपीतले ठेवा, हे मला कळकळीने सांगायचं आहे. आपला ४ घाईत लिहिला की इंग्रजी आठासारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी नवासारखा. एकाच पत्रात एका ओळीत मराठी आणि दुसऱ्या ओळीत इंग्रजी अंक आले, तर वाचणाऱ्याला कुठला धरायचा ते कळत नाही. एकदा माझ्याकडे हाताने लिहिलेली इसाराची पावती आली होती. त्यात ४,००,००० होते की आठ लाख, यावर दोन चुलत भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. अक्षरी रक्कम लिहिलेलीच नव्हती.

अक्षरी रक्कम लिहायची ती म्हणूनच. चेकच्या बाबतीत १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातच आहे, की अंक आणि अक्षरं जुळली नाहीत तर अक्षरी रक्कम धरायची. तुमचं पत्र म्हणजे चेक नव्हे, पण वाचणारा, वकील आणि बँकवाले त्याच सवयीने वाचतात. दस्तात दोन आकडे राहिले तर काय होतं, हे १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यातल्या एका उदाहरणात फार स्पष्ट होतं, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नियम तोच आहे. लेखी करारात घोड्याची किंमत '१,००० किंवा १,५०० रुपये' अशी लिहिली असेल, तर नेमकी कुठली ठरली होती हे दाखवायला नंतर पुरावा देता येत नाही. कागद स्वतःच दुतोंडी असला की तोंडी साक्ष त्याला वाचवत नाही.

अक्षरांतही आपल्या सोलापुरात एक विशेष काळजी घ्यावी लागते. इथे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड घरोघरी आहे. पूर्व भागातले कितीतरी व्यवहार तेलुगू बोलणारी माणसं मराठी कागदावर करतात. तेलुगूत आणि कन्नडमध्ये ३९ हा 'तीस आणि नऊ' असा बोलला जातो. मराठीत तो 'एकोणचाळीस', म्हणजे चाळीसला एक कमी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या कानात 'चाळीस'च राहतं आणि तो चाळिशीतला आकडा समजतो. आजची इंग्रजी माध्यमातली मुलंही एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत अडखळतात. तुमच्या क्षेत्रात १३९ आहे आणि रकमेत २९ लाख, दोन्ही 'एकोण'चे. म्हणून नुसती अक्षरं नकोत आणि नुसते अंकही नकोत, दोन्ही शेजारी हवेत. फोनवर सांगताना तर मी 'एक, तीन, नऊ' असं अंक फोडूनच सांगतो.

सव्वा, दीड, अडीच, पावणे हे आपले सुंदर शब्द आहेत, पण पत्रातल्या रकमेत ते ठेवू नका. 'पावणेतीस लाख' म्हणजे २९,७५,०००. हे माहीत नसणारा ते तीस लाखांच्या आसपासचं काहीतरी समजतो. आणि '५.५ लाख' असं टिंब देऊन लिहिणं तर ७/१२ च्या टिंबासारखंच घातक आहे. कुणी ते पाच लाख पाच हजार वाचतो, कुणी साडेपाच लाख. शून्यं पूर्ण लिहा.

इसाराबद्दल पत्रात तीन आकडे यायला हवेत: एकूण, मिळालेले, बाकी. ते तीन एकमेकांत जुळले पाहिजेत. २९,९२,३६० मधून ३,००,००० गेले की २६,९२,३६० राहतात. बाकी वेगळी लिहिल्याचा फायदा असा, की तीनपैकी एका आकड्यात टंकलेखनाची चूक झाली तर वजाबाकी जुळत नाही आणि चूक लगेच दिसते. इसार बँकेतून आला असेल तर कुठल्या तारखेला जमा झाला आणि व्यवहाराचा क्रमांक काय, तोही लिहा. आणि तो बँकेतूनच यायला हवा, कारण स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे.

राहिली तारीख. 'जूनअखेर' हा शब्द गोड वाटतो, पण त्यात वर्ष नाही, दिवस नाही आणि वेळही नाही. आमच्याकडे तर लोक 'गड्ड्यानंतर देतो' असंही लिहून आणतात. गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, ती जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास असते हे प्रत्येक सोलापूरकराला माहीत आहे, पण 'नंतर' कधी संपतं हे कुणालाच माहीत नाही. हा नुसता भाषेचा प्रश्न नाही. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, पाळून घ्यायचा दावा करायला १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षं असतात. करारात तारीख ठरलेली असेल तर ती तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात. ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. मग नकार नेमका कधी दिला, फोनवर की समक्ष, यावरच वाद होतो. तारीख स्पष्ट असती तर हा वाद उद्भवलाच नसता.

महिना नेहमी अक्षरांत लिहा आणि शक्य तिथे वारही घाला. ०३/०४/२०२५ हे आपल्याला ३ एप्रिल दिसतं. अमेरिकेत राहणाऱ्या भावाला तेच ४ मार्च दिसतं, आणि अशा व्यवहारात सही करायला बहुतेक कुणीतरी बाहेरगावी असतंच. '३ एप्रिल २०२५, गुरुवार' लिहिलं की प्रश्न मिटला. वार हा तपासणीचा आकडा आहे. तारीख लिहिताना हात चुकला तर वार जुळत नाही आणि चूक पकडता येते. नोंदणीच्या दस्तात तर यावर पैसे अवलंबून असतात. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करावा लागतो. उशीर झाला तर आणखी चार महिने मिळतात, पण दंड भरून, आणि तो नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. ३ एप्रिलची सही म्हणजे ३ ऑगस्ट, ४ मार्चची म्हणजे ४ जुलै. एका तारखेच्या दोन वाचनांत महिनाभराचं अंतर पडतं.

'पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत' असं लिहिण्याची पद्धत आहे, ती मी शक्यतो टाळतो. मिळालं कधी? पोस्टमनने दारात दिलं तेव्हा, की शेजाऱ्याने आणून दिलं तेव्हा? ठरलेला दिवस माहीत असेल तर सरळ तोच दिवस लिहा, आणि 'पर्यंत' म्हटल्यावर तो दिवस धरून की वगळून, तेही.

हे सगळं तुमच्या पत्रात उतरवलं तर मजकूर साधारण असा होईल. व्यवहार मोजून ठरला असं मी धरलं आहे आणि तारखा नमुन्याच्या आहेत. उक्ता ठरला असेल तर दराचं वाक्य काढा आणि 'ही उक्ती रक्कम असून मोजणीत क्षेत्र कमी-जास्त निघाल्यास रकमेत बदल होणार नाही' असं घाला.

> दिनांक ३ एप्रिल २०२५, गुरुवार
>
> सदर प्लॉटचे क्षेत्र १ एप्रिल २०२५ रोजी काढलेल्या ७/१२ उताऱ्याप्रमाणे १ आर ३९ चौरस मीटर, म्हणजे एकूण १३९ (एकशे एकोणचाळीस) चौरस मीटर आहे. १ चौरस मीटर = १०.७६३९ चौरस फूट या हिशेबाने ते १,४९६.१८ चौरस फूट होते. दोन्हींत तफावत आढळल्यास चौरस मीटरमधील क्षेत्र ग्राह्य धरावे. मूळ खरेदीखतात प्लॉटची लांबी-रुंदी ५० फूट व ३० फूट आणि क्षेत्र १,५०० चौरस फूट असे नमूद आहे.
>
> प्रति चौरस फूट २,००० रुपये दराने एकूण मोबदला २९,९२,३६० रुपये (अक्षरी एकोणतीस लाख ब्याण्णव हजार तीनशे साठ रुपये फक्त) ठरला आहे. त्यापैकी इसारापोटी ३,००,००० रुपये (अक्षरी तीन लाख रुपये फक्त) दिनांक २ एप्रिल २०२५, बुधवार रोजी बँकेमार्फत मिळाले. बाकी २६,९२,३६० रुपये (अक्षरी सव्वीस लाख ब्याण्णव हजार तीनशे साठ रुपये फक्त) आपण ३० जून २०२५, सोमवार, सायंकाळी ५ वाजेपर्यंत, तो दिवस धरून द्यावयाचे आहेत.

जुन्या खरेदीखतातलं क्षेत्र मी मुद्दाम ठेवलं आहे. ते गाळलं तर घेणाऱ्याच्या वकिलाला वाटेल की ४ चौरस फूट लपवले. लिहिलं की त्याला दिसतं, की तुम्हाला फरक माहीत आहे आणि कुठला आकडा धरायचा तेही तुम्ही सांगितलं आहे.

पाठवण्याआधी पत्र घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या, शक्यतो व्यवहाराची माहिती नसलेल्या माणसाला. तो जिथे अडखळेल किंवा 'हे किती?' म्हणून विचारेल, तिथे अजून एक एकक, एक शब्द किंवा एक वार कमी आहे. ज्या ७/१२ वरून आकडा घेतला त्याची प्रत पत्राला जोडा आणि एक प्रत तुमच्याकडे ठेवा. घेणाऱ्यांकडून पोच घेताना त्यावर त्यांच्या हाताने तारीख लिहून घ्या, महिना अक्षरांत.